केळीचे मेसेज आणि जागचा न हलणारा प्रॉम्प्ट

रविवार, रात्र. जळगावात दुपारभर लाइट नव्हती, म्हणून मॉडेल शिकवायच्या तीन पद्धतींचे, फुल फाइन-ट्यूनिंग, अ‍ॅडाप्टर आणि प्रॉम्प्ट ट्यूनिंगचे, सगळे रन्स आत्ता लावले. काम छोटंसंच आहे, चोपड्याकडच्या केळीवाल्यांचे काही शे मेसेज चार ढिगांत टाकायचे: रोग, भाव, पाणी, विमा. त्यातले बरेच अहिराणीत, "आज केयीना भाव काय शे" असले. एन्कोडर म्युरिल बेस, म्हणजे गूगलचं भारतीय भाषांचं मॉडेल, साधारण २३.६ कोटी पॅरामीटरचा.

फुल फाइन-ट्यूनिंग म्हणजे हे सगळे हलवायचे. अ‍ॅडम ऑप्टिमायझर वापरला तर वेट, ग्रेडियंट आणि त्याच्या दोन नोंदी धरून एका पॅरामीटरमागे १६ बाइट, म्हणजे पावणेचार जीबी तर डेटा आत जायच्या आधीच गेली. त्याहून डोक्याला ताप म्हणजे एवढ्याशा डेटावर सुरुवातीचा नुसता रँडम सीड बदलला तरी स्कोअर वरखाली होतो, मग एका रनवर भरवसा कोण ठेवणार.

अ‍ॅडाप्टरमध्ये मूळ मॉडेल गोठवायचं आणि प्रत्येक लेयरमध्ये दोन छोटे डबे घालायचे, ७६८ चे ६४ करायचे आणि परत ७६८. बारा लेयर म्हणजे चोवीस डबे, मिळून जवळपास २४ लाख पॅरामीटर, एक टक्का फक्त! सुरुवातीला डबा जवळजवळ काहीच न बदलता पुढे सोडतो, म्हणून मॉडेल बिघडत नाही. पण लर्निंग रेट फुलवाला `2e-5` ठेवला तर तो फार हळू शिकतो, `1e-3` च्या आसपास न्यावा लागतो.

आता प्रॉम्प्ट ट्यूनिंग. मॉडेल इथेही गोठवलेलंच, शेवटी ढीग ठरवणारा क्लासिफायर आणि इनपुटपुढे २० शिकाऊ व्हेक्टर. प्रॉम्प्टचे २० × ७६८ म्हणजे १५,३६० आकडे, बस. ऐकायला भारी वाटतं, पण २०२१ च्या मूळ पेपरातसुद्धा ते फुलच्या बरोबरीला आलं ते सुमारे हजार कोटी पॅरामीटरच्या टी-फाइव्हवर, लहान मॉडेलवर मागेच होतं. माझ्याकडे तर ट्रेनिंग लॉसच खाली येईना, रेट वाढवूनही नाही. म्हणजे हे ओव्हरफिटिंग नव्हेच, शिकायला ताकदच कमी पडतेय. खात्री करायला प्रॉम्प्ट काढून टाकला आणि गोठवलेल्या मॉडेलवर नुसता क्लासिफायर शिकवला, तर स्कोअर जवळपास तोच! म्हणजे जे काही येत होतं ते क्लासिफायरचं, प्रॉम्प्ट नुसता बसून होता. ही तुलना लोक करत नाहीत आणि मग प्रॉम्प्ट "चालला" म्हणून सांगत फिरतात. प्रत्येक लेयरला वेगळे व्हेक्टर देणारा प्रकार आहे, पी-ट्यूनिंग व्ही-टू, लहान एन्कोडरला तोच बरा.

धुळ्याचा मित्र फोनवर म्हणे, मग अ‍ॅडाप्टर शंभरपट वेगात होत असेल ना भो? नाही रे, लॉस मागे न्यायला ग्रेडियंटला लेयरमधूनच जावं लागतं, वाचते ती जास्त करून ऑप्टिमायझरची मेमरी. आणि सेव्ह करताना फाइल दहाएक एमबीची.

अहिराणीच्या मेसेजांवर मात्र फुल अजून थोडं पुढेच दिसतंय. माझा अंदाज, त्यात एम्बेडिंग, म्हणजे शब्दांचे मूळ व्हेक्टरसुद्धा हलतात म्हणून. उद्या अ‍ॅडाप्टरसोबत एम्बेडिंग मोकळी सोडून बघतो.