पावसाची नोंद: २०२४ आणि २०२५ शेजारी-शेजारी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायचं, कारण वेधशाळेचा दिवसही साडेआठलाच बदलतो, आणि एक्सेलमध्ये एका दिवसाला एक ओळ. सप्टेंबर अर्धा सरला, तेव्हा गेल्या वर्षीशी ताळा करायला बसलो.

दोन्ही फाइल उघडल्या आणि `View` टॅबवर `View Side by Side` दाबलं. त्याखालचं `Synchronous Scrolling` आपोआप चालू होतं. खिडक्या एकावर एक लागल्या होत्या, तारखा जुळवायला ते गैरसोयीचं. म्हणून `Arrange All` मध्ये `Vertical` निवडलं. तिथे `Windows of active workbook` वर खूण असेल तर आधी काढा, नाहीतर दुसरी फाइल रांगेत येणारच नाही. (एकच फाइल उघडी असेल तर `View Side by Side` चं बटण फिकटच राहतं. दोन शीट एकाच फाइलमध्ये असतील तर आधी `New Window` घ्यायचं.)

माउसचं चाक फिरवलं, दोन्ही बाजू छान बरोबर सरकल्या. पण डावीकडे १ जून २०२४ आणि त्याच्या समोर २६ मे २०२५! मुंबईत पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून, यंदा तो २६ मेलाच आला आणि माझी शीटही त्याच दिवशी सुरू झाली. एक्सेलला तारखेशी देणंघेणं नाही, ते फक्त ओळी मोजतं. इकडे तीन ओळी सरकल्या की तिकडेही तीन, एवढंच.

त्याला तोड सोपी आहे. `Synchronous Scrolling` बंद केलं, उजवी खिडकी एकटी सरकवून आठवी ओळ, म्हणजे १ जून २०२५, डावीकडच्या दुसऱ्या ओळीसमोर आणली आणि बटण परत चालू केलं. सहा ओळींचं ते अंतर पुढे तसंच राहतं. त्याआधी दोन्हीकडे `Freeze Top Row` करून ठेवा आणि झूम सारखा ठेवा. माझ्याकडे एक १०० टक्के आणि एक ९० टक्के होता, आणि खाली जाता जाता समोरासमोरच्या ओळी तिरक्या दिसायला लागल्या.

जुलैत पहिली गंमत झाली. ८ जुलै २०२४ च्या मुसळधार रात्रीनंतर माझी १५० मिमीची नळी काठोकाठ भरून वाहिली होती, म्हणून मी `150+` लिहिलं होतं. दोन रकाने शेजारी आल्यावर दिसलं की बाकी सगळे आकडे उजव्या कडेला चिकटलेत आणि हा एकटा डावीकडे. म्हणजे एक्सेल त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं, आणि `SUM` त्याला चक्क वगळतं. वर्षभर मी जुलै २०२४ ची बेरीज निदान १५० मिमीने कमी सांगत होतो! आता रकान्यात 150 आणि अधिकचं चिन्ह शेजारच्या शेऱ्यात.

सप्टेंबरात तारखा पुन्हा बिनसल्या. डावीकडे ५ नंतर थेट १० तारीख. गेल्या वर्षी गणपतीला गावी गेलो होतो, त्या चार दिवसांच्या ओळीच मी केल्या नव्हत्या. इथे खिडकीचं अंतर बदलून भागत नाही, कारण चूक मधेच आहे, तिच्या वरची बाजू मग बिघडते. चार ओळी घातल्या, तारखा लिहिल्या आणि आकडे कोरे ठेवले. शून्य लिहायचं नाही, शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. १० तारखेचं रीडिंग पाच दिवसांचं मिळून आहे, तसा शेरा टाकला.

मग आईचा जुना प्रश्न आठवला, "गणपतीत जास्त पाऊस कधी होता रे, यंदा की गेल्या वर्षी?" तिच्या प्रश्नाला इंग्रजी तारीख चालत नाही. चतुर्थी गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला होती, यंदा २७ ऑगस्टला. पुन्हा बटण बंद, डावीकडची १०० वी ओळ उजवीकडच्या ९५ व्या ओळीसमोर, बटण चालू. अनंत चतुर्दशी दोन्ही वर्षी चतुर्थीनंतर दहाव्या दिवशीच, त्यामुळे विसर्जनापर्यंत ओळी बरोबर जुळून राहिल्या. यंदा शेजारच्या काकूंनी रोज रीडिंग घेतलं होतं, तेव्हा उजवी बाजू पूर्ण आहे. डावीकडे मात्र पहिल्या तीन ओळी कोऱ्या आणि १० सप्टेंबरला पाच दिवसांचा गठ्ठा, ज्यात चतुर्थीच्या आधीचाही पाऊस मिसळलाय. आईला सांगितलं, गौरी-विसर्जनानंतरचं विचार, तेवढंच सांगता येईल.