भाषण खिशातच राहिलं

१५ ऑगस्ट २०२५, रात्र

आज सरपंच म्हणून तिसरं झेंडावंदन. गुरुजींनी चार पानी भाषण लिहून दिलं होतं, क्रांतिकारकांपासून थेट चांद्रयानापर्यंत सगळं त्यात. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि नेमकी भुरभुर सुरू झाली. पहिलीची पोरं कुडकुडायला लागली आणि मागे उभी माणसं आभाळाकडे बघून फवारणीचा हिशोब करत होती, हे मला स्टेजवरून स्पष्ट दिसत होतं. मग ती पानं खिशात घातली आणि सरळ सातबाऱ्यावर बोलले.

पोरांना विचारलं, सातबारा म्हणजे काय रे? कुणालाच सांगता येईना, मोठेही गप्प. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कुणाची ते असतं आणि बारा नंबरात त्या जमिनीत यंदा काय पेरलंय ते. हा बारा नंबर आधी तलाठी भरायचा, कधी कधी बांधावर न येताच. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे आता ते आपणच मोबाईलवर भरायचं, आपल्याच शेतात उभं राहून फोटो काढून. घरी खाटेवर बसून केलं तर ॲप लगेच ओळखतं, तुम्ही गटापासून लांब आहात म्हणून.

मग माझीच फजिती सांगितली, लाज कसली. गेल्या साली उद्या करू उद्या करू म्हणत मुदत गेली. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता पण सातबाऱ्यावर सोयाबीनच नाही म्हटल्यावर खरेदी केंद्रावर नोंदणी होईना, शेवटी बारा क्विंटल माल व्यापाऱ्याला ४१०० ने घातला. आठवीतल्या एका पोराला म्हटलं कर हिशोब, तर त्यानं तिथंच बोटं मोजत सांगितलं, ताई साडेनऊ हजार गेले की! मागची माणसं तेव्हा कुठं आभाळ सोडून माझ्याकडे बघायला लागली.

पोरांना आजचा गृहपाठ एवढाच दिला की घरी जाऊन गट नंबर विचारा आणि बाबांसोबत शेतात जा. गुरुजी जरा नाराज दिसले, चार पानांची मेहनत होती त्यांची, उद्या जाऊन बोलायला पाहिजे.

संध्याकाळी सातवीतली एक पोरगी आजोबांना घेऊन घरीच आली. शेतात फोटो काढून झाला होता, माहिती सबमिट पण झाली होती, आणि मग आजोबांना आठवलं की सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आहेत आणि पोरीनं नुसतं सोयाबीन टाकलंय. म्हातारा हबकलाच होता. म्हटलं बाबा, ४८ तासात दुरुस्ती करता येते, पण एकदाच, म्हणून उद्या उजेडात शेतात उभं राहून नीट बघून करा. पोरगी म्हणाली, तुरीच्या ओळी पण मोजू का?