नडगी विश्रांतीवर, श्वास कामावर

रविवार, रात्री साडेनऊ

आज सकाळी सात आठवड्यांनंतर पहिल्यांदा रस्त्यावर धावले. धावले म्हणजे तीन मिनिटे चालणे आणि दोन मिनिटे धावणे, असे पाच वेळा. पंचवीस मिनिटांत प्रत्यक्ष धावणे दहाच मिनिटांचे. दम लागला नाही, नाडी १३४ च्या वर गेली नाही, आणि शेवटच्या दोन मिनिटांना तर थांबवेना. ते थांबणेच आजच्या दिवसातले सर्वांत कष्टाचे काम होते. गेल्या सात आठवड्यांत श्वास आणि हृदय कामावर राहिले होते, नडगीचे हाड मात्र रजेवर होते, आणि या दोघांची तयारी आता सारखी उरलेली नाही.

जानेवारीच्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनसाठी आठवड्याला पन्नास किलोमीटरपर्यंत पोहोचले असताना डाव्या नडगीची आतली कड दुखू लागली. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येईल एवढीच होती, आणि तीच वाईट खूण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. स्नायू दुखतो तेव्हा दुखणे लांबवर पसरते, हाड दुखते तेव्हा ते एका ठिकाणी बसते. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली, तडा दिसला नाही. चालण्यास परवानगी, धावणे सहा आठवडे बंद. मला पोहता येत नाही. घराजवळच्या जिममध्ये कोपऱ्यात एक रोइंग मशीन होते, म्हणजे सरकत्या सीटवर बसून नाव वल्हवल्यासारखे हँडल ओढायचे आणि त्याने हवेचे चाक फिरवायचे यंत्र, ज्याचा उपयोग तोवर बहुतेक लोक टॉवेल वाळत घालण्यासाठी करत असत. पाय आपटायचे नाहीत आणि तरीही मांड्या, पाठ, हात असे जवळजवळ सगळे शरीर कामाला लागते, एवढ्या कारणाने मी ते निवडले.

पहिल्या दिवशी मी ते साफ चुकीचे वापरले. चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची कळ असते. तिला डॅम्पर म्हणतात. दहा म्हणजे जास्त व्यायाम, असे समजून मी ती दहावर नेली, आणि धावताना मिनिटाला १७० च्या पुढे पावले टाकण्याची सवय असल्यामुळे इथेही भराभर, मिनिटाला तीस वेळा हँडल ओढू लागले. सहा मिनिटांत नाडी १६५ वर, हात भरून आलेले आणि पडद्यावर वेग जेमतेम. तिथले प्रशिक्षक पूर्वी सैन्यात असताना स्वतः नौकानयन करत असत. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, घाई कशाची आहे? मागे जाताना जोर लावा, पुढे येताना श्वास घ्या. मिनिटाला अठरा पुरेत.”

अठरा हा आकडा मला थट्टा वाटला होता. नंतर कळले की नौकानयनपटूंचा बराचसा सराव याच संथ लयीत होतो. (प्रशिक्षक बोलता बोलता हमखास दत्तू भोकनळ यांच्यावर येतात, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा जवान २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तेरावा आला, हे त्यांनी मला किमान चार वेळा सांगितले आहे, आणि मीही चारही वेळा आनंदाने ऐकले आहे.) संथ लयीचे कारण समजून घेतले तेव्हा माझी चूक उमगली. सीटवरून पुढे-मागे सरकताना दर खेपेला आपल्याला स्वतःच्या शरीराचे वजन हलवावे आणि थांबवावे लागते, आणि त्याचा खर्च पडद्यावरच्या वेगात धरला जात नाही. तीस खेपा मारल्या की हा अदृश्य खर्च वाढतो. अठरा ते वीस खेपांत मात्र प्रत्येक खेपेला पायांनी पूर्ण रेटा देता येतो आणि परत येताना रेट्याच्या दुप्पट वेळ विश्रांतीला मिळतो. धावणाऱ्याला लहान आणि झटपट पावले टाकायला शिकवतात. इथे नेमके उलटे शिकावे लागते.

डॅम्परचेही तसेच. ती कळ चाकाकडे किती हवा जाऊ द्यायची एवढेच ठरवते; जास्त हवा म्हणजे चाक लवकर मंदावते आणि पुढची ओढ जड लागते, जणू नावच जड झाली. कळीवरच्या आकड्यापेक्षा यंत्राच्या मेनूत दिसणारा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला प्रत्यक्ष होणाऱ्या प्रतिरोधाचा आकडा, जास्त विश्वासाचा, कारण चाकाभोवतीच्या जाळीत धूळ साचली की त्याच कळीवर प्रतिरोध कमी होतो. आमच्या यंत्रावर कळ चारवर असताना हा आकडा ९५ दिसत होता. जाळी पुसून घेतल्यावर तेच ११५ झाले, आणि माझ्यासारखीला ११० ते १२० च्या दरम्यान बरे पडते.

वेग मोजतात तो पाचशे मीटरला लागणाऱ्या वेळात, म्हणजे स्प्लिटमध्ये. धावण्यातल्या किलोमीटरमागच्या वेळासारखे हे वाटते, पण त्यात एक फसगत आहे. हवेचा प्रतिरोध असल्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २:४० चा स्प्लिट राखायला सुमारे ८५ वॅट लागतात आणि २:३० ला सुमारे १०४. म्हणजे दहाच सेकंद वाचवायला पाचव्या हिश्श्याहून जास्त शक्ती अधिक लागते. रस्त्यावर मी थोडे पुढे-मागे झाले तरी निभावते. इथे पाच सेकंदांचा मोह संथ सत्राला अवघड सत्र बनवतो, आणि मग दुसऱ्या दिवशी पाय नव्हे, पाठ बोलते.

पाठीचा विषय आलाच. धावून धावून माझ्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या आहेत, त्यामुळे पुढे वाकताना खुब्यातून झुकण्याऐवजी माझे कमरेचे हाड मागे वळते आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. पहिल्या आठवड्यात पंधराव्या मिनिटाला तिथे एक बधिर जडपणा यायचा, तेव्हा नाडी १२५ सुद्धा नसायची. म्हणजे माझे हृदय पाऊण तासाला तयार होते, पण पाठ पाव तासाचीच होती. म्हणून सुरुवात तीन वेळा आठ मिनिटे अशी केली, मध्ये दोन मिनिटे उठून उभे राहणे, आणि दर आठवड्याला फक्त मिनिटे वाढवली, वेग नाही. पुढे येताना नडगी उभी झाली की तिथेच थांबायचे, आणखी पुढे घुसायचे नाही. आधी पाय, मग धड, शेवटी हात; परतताना आधी हात, मग धड, शेवटी गुडघे. हा क्रम बिघडला की सीट मागे पळते, हँडल जागेवरच राहते, आणि सगळा भार कमरेवर येतो. आरशात बाजूने पाहिले की हे लगेच दिसते.

दुसऱ्या आठवड्यात मी खरोखर घाबरले. नडगी पुन्हा दुखू लागली. दोन दिवस यंत्राला हात लावला नाही. नंतर शांतपणे चाचपून पाहिले, तर दुखणे हाडाच्या आतल्या कडेला नव्हते, समोरच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत होते, आणि दोन्ही पायांत होते. मी पायावरचे पट्टे करकचून आवळत होते आणि परत पुढे येताना पावले वर खेचून स्वतःला ओढत आणत होते. ते काम घोट्यातून पाऊल वर उचलणाऱ्या याच स्नायूवर पडत होते. उपाय अगदी साधा होता: दर सत्राची पहिली दहा मिनिटे पट्टे न बांधताच मारायची. पट्टे नसले की घाईने मागे झोकून देता येत नाही आणि पुढे ओढून घेताही येत नाही, नाहीतर पाय सुटतात. चार दिवसांत दुखणे गेले.

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारचे सत्र वहीत नीट टिपले आहे. तीन वेळा पंधरा मिनिटे, मिनिटाला १९ खेपा, स्प्लिट २:३८; प्रत्येक टप्प्यात साधारण २,८५० मीटर. निवांत धावताना माझी नाडी १४० च्या आसपास असते, पण बसून केलेल्या श्रमात शरीराचे वजन पेलावे लागत नसल्यामुळे तेवढ्याच दमाला ती माझ्या बाबतीत पाच-सहा ठोके कमी असते, म्हणून इथे माझी मर्यादा १३५. (मनगटावरचे घड्याळ इथे फसवते, हँडल घट्ट धरल्याने आणि मनगट हलत राहिल्याने आकडे भरकटतात. छातीचा पट्टा लागतोच.) पहिल्या टप्प्यात सरासरी १२६, दुसऱ्यात १३२, तिसऱ्यात १३९. वेग तोच, लय तीच, आणि नाडी मात्र तेरा ठोके वर. कारण घाम. रस्त्यावर आपण हवेतून पुढे सरकतो, इथे एका जागी बसून तापतो. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळते आणि हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पुढच्या बुधवारी समोर टेबलफॅन ठेवला, टप्प्यांच्या मध्ये पाणी प्यायले, तर तेच सत्र १२५, १२८ आणि १३१ वर झाले. तेव्हापासून नियम केला: पंख्यानेही नाडी १३५ ओलांडली तर स्प्लिट २:४२ पर्यंत सोडून द्यायचा, आकड्याला चिकटून राहायचे नाही. आणि धावण्याची जागा भरताना मिनिटाला मिनिट धरायचे. किलोमीटरला किलोमीटर लावला तर काहीच जुळत नाही.

हे सगळे जमले म्हणून यंत्राने मला धावायला तयार ठेवले, असे लिहिणे मात्र खोटे ठरेल. त्यात पाऊल जमिनीवर कधी पडतच नाही. धावताना पोटरी दर पावलाला ताणत ताणत वजन झेलते, ते झेलणे इथे नाही. हाडाला घट्ट राहण्यासाठी जो ठोका हवा, तोही नाही. दुखण्याच्या काळात हाच त्याचा गुण होता, परतीच्या काळात हीच त्याची उणीव आहे. आज संध्याकाळी जिना उतरताना दोन्ही पोटऱ्या दहा मिनिटांच्या धावण्याला शोभणार नाहीत इतक्या दुखत होत्या. गेले तीन आठवडे मी पायरीच्या कडेवर उभी राहून टाचा वर-खाली करत होते, म्हणून निदान एवढ्यावर निभावले.

उद्या सकाळी अंथरुणातून उठण्याआधी त्या एका बोटाच्या जागेवर दाबून पाहायचे, मग डाव्या पायावर पाच उड्या. दोन्हींत काही नाही निघाले तर बुधवारी पुन्हा तीन आणि दोन मिनिटे, पाच वेळा. सहावी वेळ नाही. मंगळवार आणि शुक्रवार यंत्रावर पंचेचाळीस मिनिटे. जाळी पुन्हा पुसायची झाली आहे, शुक्रवारी कळ चारवर असताना १०४ दिसत होते.