अनुकूल बाजू

‘कथा-कादंबऱ्यांच्या वाचनाने तरुणांची सहानुभूती वाढते’ हा वादविवादाचा विषय होता आणि चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. वर्गात सगळे म्हणाले, सुटली ही! वाचन वाईट म्हणायला कोण उठणार? मीही झोकात चार पानं लिहून काढली. मराठीच्या बाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि म्हणाल्या, “होय की गं, सगळं छान आहे. पण समोरचा उठून म्हणाला, कशावरून? तर?”

बाईंचा भाचा पुण्यात मानसशास्त्र शिकायचा. त्याने काही छापील पानं पाठवली. त्यात २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक प्रयोग होता. काही लोकांना साहित्यिक दर्जाची कथा वाचायला दिली, काहींना इतर मजकूर. नंतर सगळ्यांना माणसांच्या फक्त डोळ्यांचे फोटो दाखवले. एकूण ३६ फोटो, प्रत्येकाखाली चार शब्द. या डोळ्यांत काय आहे, ते त्यातून निवडायचं. कथा वाचलेल्यांनी जास्त बरोबर ओळखलं. मी खूश. एक कथा वाचली की माणूस कळायला लागतो, भाषण तयार!

पण त्याच पानांमध्ये पुढे होतं की २०१६ मध्ये वेगवेगळ्या गटांनी मिळून सुमारे ८०० लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. मला वाटलं, हे पान गुपचूप बाजूला ठेवावं. बाई म्हणाल्या, “ठेव की. पण समोरच्याकडे असलं तर तो ते तुझ्याच तोंडावर वाचेल. त्यापेक्षा तूच सांग.” म्हणून भाषणाची सुरुवातच मी तिथून केली. एका बैठकीत एक कथा वाचून कुणी बदलत नाही, हे आम्हाला मान्य आहे. २०१८ मध्ये अशा १४ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात परिणाम दिसला, पण लहानसा. मग तो मोठा कधी होतो?

यासाठी माझ्याकडे इटलीतल्या एका प्राथमिक शाळेचा दाखला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पाचवीची ३४ मुलं, सहा आठवडे. आठवड्यातून एकदा लहान गटात बसून ‘हॅरी पॉटर’मधला उतारा वाचायचा आणि त्यावर बोलायचं. काही गटांना भेदभावाचे उतारे दिले होते, म्हणजे आईवडील जादूगार नाहीत म्हणून हर्मायनीला शिवी दिली जाते तो प्रसंग. बाकीच्यांना हॅरी जादूची कांडी विकत घेतो तसले साधे उतारे. आधी आणि नंतर मुलांना विचारलं, बाहेरदेशातून आलेल्या लोकांबद्दल तुम्हाला काय वाटतं? पहिल्या गटांतल्या मुलांचं मत सुधारलं, पण सगळ्यांचं नाही. ज्यांना हॅरी आपल्यासारखा वाटत होता, त्यांचंच. म्हणजे नुसतं पुस्तक हातात असून भागत नाही. पात्र आपलं वाटायला हवं, आणि वाचून झाल्यावर त्या अन्यायावर कुणीतरी बोलायला बसवायला हवं.

इटली लांबची, म्हणून मी आमच्या गल्लीत आले. आमच्याकडे शेजारच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी, आणि मोर्चा-बंदच्या दिवशी दोन्ही दारं बंद. शाळेच्या कपाटात भैरप्पांचं ‘पर्व’ होतं, खाकी कव्हर घातलेलं. मूळ कन्नड, मराठीत आणलं उमा कुलकर्णींनी, ज्यांचा जन्मच बेळगावचा. त्यात कुंती, द्रौपदी, भीम आपापल्या मनातून महाभारत आठवतात. देवादिकांचे चमत्कार नाहीत, नुसती माणसं. कुंतीचं म्हातारपण वाचताना ती मला शेजारच्या अज्जीसारखी वाटली. हे मूळ कन्नडमधलं पुस्तक आहे हे मला फार पुढे कळलं, असं मी म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. हशाने गुण मिळत नाहीत, पण धीर येतो.

प्रतिकूल बाजूला खानापूरकडचा एक मुलगा होता. पठ्ठ्याने थेट विचारलं, “इटलीतल्या मुलांनी कागदावर बरं मत लिहिलं. ती बाहेरून आलेल्या मुलाबरोबर डबा खायला बसली का?” खरंच, तिथे मोजली होती ती मतं, वागणूक नव्हे. शिवाय मुलं अवघी ३४. मी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. म्हटलं, मत बदलल्यावर माणूस वागेलच अशी हमी मी देत नाही. पण मत बदललंच नाही तर डबा उघडायचा प्रश्नच येत नाही. शेवटची घंटा झाली आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

पहिला नंबर त्यालाच मिळाला, मला दुसरा. निकालानंतर परीक्षकांनी बाईंना इतकंच विचारलं, शाळेत हे वाचून-बोलून करता का कधी? बाईंनी पुढच्या शनिवारपासून वाचनाच्या तासाचे दोन भाग केले. अर्धा तास वाचायचं, अर्धा तास भांडायचं. तासाच्या वहीत त्या दुसऱ्या भागाला त्यांनी ‘चर्चा’ लिहिलं. आम्ही त्याला भांडणच म्हणायचो.