टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन: ओठ आणि आवाज जुळवण्याची नोंद

आमचं घर बेळगावात वडगावला. पप्पा पहाटे मागावर जातात, त्यामुळे नऊ वाजता त्यांचं अंथरूण हॉलमध्येच पडतं आणि टीव्हीही तिथेच. रात्री साडेबाराची फुटबॉल मॅच बघायची तर हेडफोनशिवाय इलाज नाही. टीव्हीत ब्लूटूथ आहे, जोडायला दोन मिनिटं लागली. पण सेट-टॉप बॉक्सवर मॅच लावली की खेळाडूनं चेंडूला लाथ मारल्यावर क्षणभरानं 'धप्प' ऐकू येतं. त्याच टीव्हीतल्या यूट्यूबवर मात्र सगळं जुळतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टीव्ही आवाज आधी दाबून लहान करतो (बहुतेक वेळा एसबीसी या कोडेकमध्ये), मग पाठवतो. हेडफोन तो उलगडतो आणि तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. टीव्हीतल्या ॲपला हा उशीर कळतो, म्हणून ते चित्रच तेवढं थांबवून धरतं. एचडीएमआयवरून आलेलं चित्र माझा टीव्ही थांबवत नाही, ते थेट पडद्यावर जातं. मेनूत 'ऑडिओ डिले' आहे, पण त्यानं आवाज आणखी मागेच सरकतो, पुढे येत नाही. त्यामुळे या कामाला ती सेटिंग निरुपयोगी.

नुसत्या कानावर विसंबायचं नव्हतं, म्हणून उशीर मोजला. मोबाईलवर एका टाळीचा व्हिडिओ काढला आणि लॅपटॉप एचडीएमआयला लावून तो टीव्हीवर वाजवला. दुसऱ्या मोबाईलनं टीव्हीचं शूटिंग सेकंदाला 60 फ्रेमनं केलं आणि त्याच्या माईकवर हेडफोनचा एक कप चिकटवून धरला. मग एडिटिंग ॲपमध्ये हात भिडल्याची फ्रेम शोधायची आणि आवाजाची रेघ कुठे उसळते ते बघायचं. एक फ्रेम म्हणजे साधारण 17 मिलिसेकंद. आधी टीव्हीच्या स्पीकरवर तपासलं, एका फ्रेमचा फरक आला. अंतर तीन मीटर, आवाजाला तेवढं यायलाच 9 मिलिसेकंद लागतात, तेव्हा हे ठीकच. ब्लूटूथवर मात्र 14 फ्रेम, म्हणजे 230 मिलिसेकंदांच्या आसपास. आवाज सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत मागे राहिला तर बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा त्याच्या जवळजवळ दुप्पट.

उपाय म्हणून टीव्हीचं ब्लूटूथ बंद केलं आणि ऑप्टिकल आउटला वेगळा ट्रान्समीटर लावला. तो 'ॲपटीएक्स लो लेटन्सी' हा कमी उशिराचा कोडेक असलेला घेतला आणि हेडफोनही त्याच कोडेकचा. हे दोन्हीकडे असायलाच पाहिजे. एकीकडे नसेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर येतात आणि जोडणी झालेली दिसते पण उशीर तसाच राहतो. कुठला कोडेक चालू आहे ते माझ्या ट्रान्समीटरवर दिव्याच्या रंगावरून कळतं. तुमच्या यंत्राचे रंग त्याच्या पत्रकात बघा.

ऑप्टिकल केबलच्या टोकांना बारीक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायच्या. टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की टीव्हीकडून सिग्नल येतोय. एवढं करूनही सुरुवातीला हेडफोन मुका होता. टीव्ही आवाज डॉल्बीत दाबून पाठवत होता आणि ट्रान्समीटरला फक्त पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, कळतो. टीव्हीत 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवर केलं आणि आवाज आला. पुन्हा टाळीची चाचणी घेतली तर 3 फ्रेम, म्हणजे पन्नासेक मिलिसेकंद. आता निवेदकाचे ओठ आणि शब्द बरोबर पडतात.

झोपलेल्या माणसासाठी मला यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. टीव्हीच्या स्वतःच्या ब्लूटूथवर हेडफोनची बॅटरी संपली की आवाज लगेच स्पीकरवर येतो, आणि तोही संध्याकाळच्या बातम्यांना ठेवलेल्या आवाजात. एकदा मध्यरात्री तसं झालं आणि पप्पा अंथरुणातूनच ओरडले, "अरे, आवाज कमी कर की रे!" आता माझ्या टीव्हीवर ऑप्टिकलचा आवाज ठरावीक असतो, रिमोटनं बदलत नाही. म्हणून रिमोटनं स्पीकर शून्यावर ठेवतो आणि आवाज हेडफोनच्या बटणांनी कमी-जास्त करतो. बॅटरी संपली तरी खोलीत चूं होत नाही. काही टीव्ही ऑप्टिकल निवडल्यावर स्पीकर आपोआप बंद करतात, तिथे हेही करावं लागत नाही.

ट्रान्समीटरला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली आहे. टीव्ही बंद झाला की तोही झोपतो आणि चालू केल्यावर काही सेकंदांत हेडफोन आपसूक जोडला जातो.

आता आईलाही रात्री सिरियल बघायला हेडफोन हवाय. ट्रान्समीटर दोन जोडतो, पण दोन जोडले की बऱ्याच यंत्रांत लो लेटन्सी सुटते असं दिसतं. दुसरा हेडफोन आला की तीच टाळी, तसंच 60 फ्रेमचं शूटिंग, आणि आकडे इथेच लिहीन.