सहा महिन्यांतून चार ओळी

आज जेवणाच्या सुट्टीत, वाळूजच्या कारखान्याबाहेर चहा घेत असताना, पुण्याच्या एका रिक्रूटर बाईंचा फोन आला. शेंद्र्यातील एका कंपनीला सप्लायर क्वालिटी सांभाळणारा माणूस हवा होता आणि मार्चमध्ये मी पाठवलेल्या संदेशामुळे त्यांना माझे नाव आठवले.

त्या संदेशात चारच ओळी होत्या: पुरवठादारांच्या ऑडिटचे काम आता माझ्याकडे आले आहे, नोटीस पिरियड साठऐवजी नव्वद दिवसांचा झाला आहे, आईमुळे संभाजीनगर सोडणे शक्य नाही आणि सध्या मी घाईत नाही. पूर्वी मी पंधराएक जणांना दरमहा “काही ओपनिंग आहे का?” असे विचारत असे आणि उत्तर क्वचितच येई. रिक्रूटरला मोबदला कंपनी देते, तो आपल्यासाठी नोकरी शोधत नसतो, हे मला उशिरा उमगले. आता आमच्याच क्षेत्रातील भरती करणाऱ्या तिघांनाच, तेही काही बदलले तरच, लिहितो.

शेंद्र्याला तीस दिवसांत माणूस हवा असल्याने मी नकार दिला. मात्र वाळूजमधील एका जुन्या सहकाऱ्याचे नाव, त्याला आधी विचारून, संध्याकाळी बाईंना कळवले.