६-६ आणि ६-५ : छत्तीसात एक, तरीही सारखं नाही

खेळ छापायला जाण्याआधी त्याचे नियम तपासायचे, हे आमच्या गटाचं काम. त्यातला संभाव्यतेचा भाग माझ्याकडे असतो. बहुतेक वेळा तो अर्ध्या तासात उरकतो. पण हे एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

खेळ साधा होता. प्रत्येक खेळाडूला एक पत्ता मिळतो आणि तो आपला फासा ओळीनं २० वेळा टाकतो. पत्त्यावर ‘६-६’ असेल तर लागोपाठ दोनदा सहाचं दान पडायला हवं, आणि ‘६-५’ असेल तर सहानंतर लगेच पाच. २० दानांत जोडी एकदा जरी पडली तरी ठरलेले गुण मिळतात, आणि दोन्ही पत्त्यांना गुण सारखेच. खेळून बघणाऱ्यांपैकी काहींनी तक्रार लिहिली होती, की ६-६ चा पत्ता हाती आला की डाव बसत नाही.

डिझायनरनं ती तक्रार एका वाक्यात निकालात काढली. “अरे, दोन्हीची शक्यता छत्तीसात एक. यात बघायचं काय?” एका सहकाऱ्यानं त्याच्या बाजूनं सिम्युलेशनही लिहिलं. २०-२० दानांच्या हजारो ओळी तयार करून शेजारशेजारची प्रत्येक जोडी मोजली. दोन्हींची सरासरी एका डावामागे ०.५२८ च्या आसपास आली. २० दानांत शेजारच्या जोड्या १९, म्हणून १९/३६, म्हणजे ०.५२८. गणित बरोबर, कोडही बरोबर. त्यानं मोजणी हातानं लिहिली होती तेही योग्यच होतं, कारण पायथनचं `s.count('66')` हे `'666'` मध्ये ६-६ एकदाच मोजतं. एवढी काळजी घेणारी माणसं आमच्याकडे फार नाहीत.

पण नियम ‘किती वेळा पडली’ असं विचारतच नव्हता. नियम विचारत होता, ‘निदान एकदा पडली का?’ तक्रार बाद करण्याची घाई झाली की हा फरक कुणी बघत नाही, आणि मला याचाच राग येतो. मी नियम जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला:

```python
import random

def dav(jodi, dane=20):
    s = ''.join(random.choices('123456', k=dane))
    return jodi in s

N = 1000
for jodi in ('66', '65'):
    print(jodi, sum(dav(jodi) for _ in range(N)) / N)
```

२० दानांची एक अक्षरओळ, आणि `in` नं विचारलेला एकच प्रश्न: जोडी आहे की नाही? `True` म्हणजे १ धरून बेरीज होते, तिला N नं भागलं की संभाव्यतेचा अंदाज मिळतो.

पहिल्यांदा हजार डाव चालवले तेव्हा साधारण ०.३९ आणि ०.४० असे आकडे आले. डिझायनर माझ्या मागेच उभा होता. “बघ, सारखेच!” म्हणून तो निघालाही. त्याला थांबवून मी आधी अंदाजाची ढिलाई काढून दाखवली. प्रमाण p असेल तर प्रमाण-त्रुटी √(p(1−p)/N) इतकी असते. p ०.४ आणि N १००० धरला तर ती ०.०१५५ येते. तिच्या दुप्पट इकडेतिकडे धरलं, तर प्रत्येक आकडा जवळपास ०.०३ नं वर किंवा खाली असू शकतो. इतक्या सैल मापानं ०.३९ आणि ०.४० सारखे म्हणता येत नाहीत, वेगळेही म्हणता येत नाहीत. हजार डावांनी आम्हाला काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्रुटी निम्मी करायची तर डाव चौपट लागतात, आणि दशांश चिन्हानंतरचं एक घर पक्कं करायचं तर शंभरपट. म्हणून N एक लाख केला. त्रुटी ०.००१५ वर आली आणि आकडे स्थिरावले: ६-६ साठी ०.३७५ च्या आसपास, ६-५ साठी ०.४२३ च्या आसपास. पुन्हा पुन्हा चालवलं तरी हलत होता तो तिसरा दशांश. फरक जवळपास ०.०४८, म्हणजे त्रुटीच्या तीसपट. तक्रार खरी होती.

तरी डिझायनरचा ‘छत्तीसात एक’ सुटेना, आणि नुसत्या सिम्युलेशनवर विसंबायला मलाही आवडत नाही. ते फरक दाखवतं, कारण सांगत नाही. म्हणून २० च्या जागी तीनच दानं घेतली. शक्यता २१६, सगळ्या मोजता येतात. ६-५ असलेल्या ओळी १२: सहा ओळींत जोडी सुरुवातीला, सहांत शेवटी. ६-६ लाही तशाच सहा आणि सहा, पण ६६६ ही ओळ दोन्हींकडे येते. म्हणून वेगळ्या ओळी ११ च. जोडीच्या हजेऱ्या दोन्हीकडे १२, पण ६-६ च्या दोन हजेऱ्या एकाच डावात जमा झालेल्या. ६-६ स्वतःवर चढू शकते, ६-५ चढू शकत नाही. त्यामुळे ६-६ जिथे येते तिथे झुबक्यानं येते, आणि सरासरी तीच ठेवायची तर तिला जास्त डाव कोरडे सोडावे लागतात. जोडी पहिल्यांदा पडेपर्यंतची सरासरी वाटही म्हणूनच वेगळी: ६-५ साठी ३६ दानं, ६-६ साठी ४२.

मग कोडमध्ये न अडकता नेमकं उत्तर काढलं. n दानांत ६-६ न पडण्याची शक्यता q(n) म्हटली, तर q(n) = (5/6)·q(n−1) + (5/36)·q(n−2). शेवटचं दान सहा नसेल तर पहिलं पद, सहा असून त्याच्या आधीचं सहा नसेल तर दुसरं. q(0) आणि q(1) एक धरून २० पर्यंत गेलं की जोडी पडण्याची शक्यता ०.३७५५ येते. अशाच रीतीनं ६-५ ची ०.४२३३. लाख डावांचे आकडे याच्या अगदी जवळ होते.

यांचं गुणोत्तर १.१२७, आणि ९/८ म्हणजे १.१२५. म्हणून ६-६ ला ९ गुण आणि ६-५ ला ८ गुण सुचवले. दोन्ही पत्त्यांचे सरासरी गुण ३.३८ च्या घरात येतात. डिझायनरनं ते लगेच मान्य केलं, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

मला अजून सुटत नाही ते तक्रार करणाऱ्यांचं. त्यांनी प्रत्येक पत्ता शंभर डाव खेळला असं धरलं तरी एकेका प्रमाणाची त्रुटी ०.०५ निघते, म्हणजे फरकाएवढीच. एवढ्या डावांवरून त्यांना हे कळणं कठीण होतं. खरंच जाणवलं, की योगायोगानं बरोबर ठरले? त्यांच्या नोंदींत डावांची संख्याच नाही, त्यामुळे हे शोधायला वाव उरलेला नाही. नोंदी घेणाऱ्यांना मी तो रकाना घालायला सांगितलंय.

आता नवी सूचना आली आहे: दोघांनी एकच फासा वापरायचा, आणि ज्याची जोडी आधी पडेल तो जिंकला. इथे मात्र डिझायनरचं मूळ म्हणणं खरं ठरतं. दोघांनाही आधी सहा हवं, आणि सहानंतर पुढचं दान सहा किंवा पाच असण्याची शक्यता सारखीच. शर्यत बरोबरीची, सिम्युलेशनमध्येही ०.५ च येतं. तिथे ९ आणि ८ गुण लावले तर ६-६ वाल्याला फुकटचा फायदा. म्हणून नियमांच्या फाइलमध्ये त्या गुणांशेजारी मी लिहून ठेवलंय: ‘फक्त स्वतंत्र फासा, २० दानं. दानं बदलली तर पुन्हा काढा.’ १०० दानांना हेच गुणोत्तर १.०३ च्या आसपास उतरतं.